धागा : सोसायटीच्या अंदाजपत्रकाची लॉक केलेली प्रत कोणीही न उघडता बदलली, हे कसे घडले असेल?

सचिव_ठाणे

नमस्कार. आमची ठाण्यातील 48 सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था आहे आणि मी तिचा सचिव आहे. यंदा अंदाजपत्रकाचा मसुदा आम्ही प्रथमच गूगल शीट्समध्ये, सर्व समिती सदस्यांच्या सहभागाने तपासला. खजिनदारांनी मसुदा मांडला, समितीतील प्रत्येकाला टिप्पणी करण्याची मुभा दिली, आठवडाभर शंका आणि उत्तरे झाली. त्यानंतर खजिनदार, मी आणि अध्यक्ष अशा क्रमाने ‘मंजुरी’ नावाच्या टॅबमध्ये आम्ही आपापली नावे व तारखा नोंदवल्या. समितीच्या सभेत ठराव झाला, त्याच संध्याकाळी `File > Make a copy` करून वेगळी प्रत काढली, `Data > Protect sheets and ranges` वापरून तिचे सर्व टॅब बंद केले आणि सदस्यांना केवळ पाहण्यासाठी लिंक दिली. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनेसोबत त्याच प्रतीची छापील पाने घरोघरी गेली.

आता अडचण अशी की, छापील पानावर सुरक्षा सेवेचा खर्च 7,20,000 रुपये आहे आणि लॉक केलेल्या शीटमध्ये आज तो 7,77,600 दिसतो. एकूण बेरीजही 57,600 रुपयांनी वाढली आहे. एका सदस्याने दोन्हींचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि मंजुरीनंतर आकडे फिरवल्याचा आरोप सुरू झाला. त्या सेलवर राइट क्लिक करून `Show edit history` पाहिले, तर प्रत काढल्यानंतरचा एकही बदल तिथे नोंदलेला नाही. आवृत्त्यांच्या इतिहासातही कोणाचे नाव नाही. सभा दहा दिवसांवर आहे. जाणकारांनी कारण शोधण्यास मदत करावी, आणि पुढील वर्षी ही पद्धत कशी बांधावी तेही सांगावे.

राजहंस

फाइलचा मालक कोण आहे ते आधी पाहा. टॅबवर कितीही बंधने घातली तरी फाइलच्या मालकाला ती लागू होत नाहीत, तो केव्हाही संपादन करू शकतो. प्रत खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यावरून काढली असेल तर ती त्यांच्या मालकीची झाली, म्हणून बदल त्यांच्याकडूनच झाला असणार. माझ्या मते सरळ त्यांनाच विचारावे.

सचिव_ठाणे

राजहंसजी, प्रत खजिनदारांच्याच खात्यावरून काढली आहे, हे खरे. मात्र त्यांनी बदल केला असता तर तो इतिहासात दिसला असता. ते गेली सहा वर्षे हिशेब पाहत आहेत आणि मंजुरीनंतर ही फाइल उघडलीच नाही असे सांगतात. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे. आता तो सदस्यांनाही दाखवता यावा, म्हणून कारण हवे आहे.

मीना_नाशिक

आमच्याकडेही देखभाल शुल्कावरून दरवर्षी वाद होतो. मोठ्या सदनिकेला जास्त आणि लहान सदनिकेला कमी अशी आकारणी असावी, असे आम्ही लहान सदनिकावाले म्हणतो. तुमच्याकडे हे 57,600 रुपये चौरस फुटांप्रमाणे वाटले जातील का? तसे असेल तर तो सदस्य का चिडला, ते मला समजते.

जमाखर्च

मीनाताई, सुरक्षा हा सेवा शुल्काचा भाग आहे आणि आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांना समान असते. बांधकाम खर्चाच्या प्रमाणात आकारले जातात ते दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड, म्हणजे वर्षाला अनुक्रमे किमान 0.75 टक्के आणि 0.25 टक्के. त्यामुळे येथे 57,600 भागिले 48 भागिले 12, म्हणजे प्रत्येक घराला महिन्याला बरोबर 100 रुपये जास्त पडतात. या गोल आकड्यावरून मला एक शंका येते.

सचिवसाहेब, 7,20,000 म्हणजे चार रक्षक, दरमहा 15,000 आणि बारा महिने. 7,77,600 म्हणजे तेच चार रक्षक आणि तेच बारा महिने, पण दर 16,200. कोणी सेलमध्ये हाताने आकडा टाकला असता तर तो इतका नेमका आला नसता. येथे फक्त दर बदललेला दिसतो. तो दर मंजूर प्रतीत लिहिलेला आहे, की दुसऱ्या फाइलमधून येतो? लॉक केलेल्या प्रतीत त्या सेलवर क्लिक करून वरच्या पट्टीत काय दिसते ते कृपया जसेच्या तसे येथे द्या. लिंकवरून नुसते पाहणाऱ्यालाही सूत्र दिसते, त्यासाठी संपादनाचा हक्क लागत नाही.

सचिव_ठाणे

तुमचा अंदाज योग्य दिशेने जातो आहे. फाइलचा पत्ता गाळून देतो:

```
=4*12*IMPORTRANGE("दरपत्रक फाइलची URL","'दर'!B7")
```

‘दरपत्रक’ ही खजिनदारांची वेगळी फाइल आहे. मासिक बिलेही तिच्यावरूनच तयार होतात. सुरक्षा एजन्सीने मागील आठवड्यात सुधारित दराचे पत्र पाठवले, ते खजिनदारांनी त्या फाइलमध्ये नोंदवले. मंजूर प्रतीला त्यांनी खरोखरच हात लावला नव्हता.

जमाखर्च

मग कारण सापडले. टॅबवरचे संरक्षण फक्त टंकलेखन अडवते, म्हणजे सेलमध्ये कोणी काही लिहू शकत नाही. सेलमधल्या सूत्राचे उत्तर बदलणे ते अडवत नाही. `IMPORTRANGE` दुसऱ्या फाइलमधील चालू आकडा आणत राहते. तिथे दर बदलला की येथे उत्तर बदलते, मग ही प्रत लॉक असो वा नसो. सेलच्या इतिहासात नाव न दिसण्याचे कारणही तेच आहे. तो इतिहास माणसाने सेलमध्ये केलेले बदल नोंदवतो, सूत्राच्या उत्तरात झालेला बदल त्यात येत नाही. आकडा बदललेला आणि इतिहास कोरा, अशी जोडी दिसली की माणसावर संशय घेण्यापूर्वी सूत्र पाहावे.

आणखी किती ओळी अशा आहेत ते आजच तपासा. प्रतीमध्ये `Edit > Find and replace` उघडा, शोधण्याच्या जागी `IMPORTRANGE` लिहा आणि `Also search within formulas` या चौकटीवर खूण करा. सर्व टॅबमध्ये शोध घ्या. सोबत `TODAY` आणि `NOW` हेही शोधा, कारण मुदत ठेवीच्या व्याजाची आकारणी आजच्या तारखेवर बांधलेली असेल तर तोही आकडा दररोज सरकत राहील.

सदस्यांना दाखवायला पुरावा तुमच्या हातात आहे. ‘दरपत्रक’ फाइलमध्ये B7 या सेलचा इतिहास उघडा. 15,000 चे 16,200 कधी झाले आणि कोणी केले ते तिथे दिसेल. एजन्सीच्या पत्राची तारीख त्याच्याशी जुळवून दोन्ही गोष्टी ग्रुपवर ठेवा.

राजहंस

हे कारण माझ्या ध्यानात आले नव्हते. तरीही मालकीचा मुद्दा मी सोडणार नाही. मंजूर अंदाजपत्रक खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यात असणे योग्य नाही. उद्या त्यांनी सदनिका विकली किंवा खाते बंद केले तर फाइल कुठे शोधणार? संस्थेच्या नावाने वेगळे खाते असावे आणि त्याचा पासवर्ड पदाबरोबर नव्या पदाधिकाऱ्याकडे जावा.

जमाखर्च

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि मालकी संस्थेच्या खात्याकडे असण्याचा आणखी एक उपयोग आहे. खजिनदार मालक असतील तर त्यांचा हक्क कमी करताच येत नाही. मालक संस्था असेल तर स्वाक्षरी झाल्यावर खजिनदारांनाही `Viewer` करता येते, आणि मग आरोपाला जागाच उरत नाही.

ॲमस्टरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये एका कंपनीच्या वित्त विभागात काम करतो. आमच्या कार्यालयाच्या सशुल्क वर्कस्पेसमध्ये `File > Approvals` ही सोय आहे. मंजुरी देणाऱ्यांची नावे आणि मुदत घालून फाइल पाठवायची. प्रत्येकाला ईमेल जातो, तो मंजूर करतो किंवा नाकारतो, आणि सर्वांची मंजुरी आली की फाइल लॉक होते. टॅबमध्ये नावे लिहिण्यापेक्षा हे पक्के आहे, कारण एकाच्या नावापुढे दुसरा माणूस खूण करू शकत नाही. सचिवसाहेबांनी हेच वापरावे असे मी सुचवेन.

जमाखर्च

सोय चांगली आहे, पण येथे दोन अडचणी आहेत. ती सर्व प्रकारच्या खात्यांवर मिळत नाही. सोसायटीचे पदाधिकारी बहुधा साध्या मोफत खात्यांवर असतात, आणि तिथे तिच्या भरवशावर पद्धत बांधता येणार नाही. दुसरी अडचण अशी की ड्राइव्हमधले ते कुलूप ज्याच्याकडे संपादनाचा हक्क आहे तो कोणीही उघडू शकतो. चुकून होणारा बदल त्याने थांबतो, ठरवून केलेला नाही. आणि या धाग्यातील मूळ प्रश्न तर त्यानेही सुटला नसता, कारण `IMPORTRANGE` लॉक केलेल्या फाइलमध्येही सूत्रच राहते.

ॲमस्टरडॅमकर

शेवटचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे बाहेरच्या फाइलशी जोडलेले पत्रक मंजुरीला पाठवायचेच नाही असा अंतर्गत नियम आहे. त्याचे कारण मला आज नीट कळले.

सचिव_ठाणे

सर्वांचे आभार. तपासणी केली. एकूण तीन ओळी जोडलेल्या निघाल्या: सुरक्षा, सफाई आणि पाण्याचे टँकर. त्यांपैकी फक्त सुरक्षेचा दर बदलला होता. B7 चा इतिहास आणि एजन्सीचे पत्र ग्रुपवर ठेवले. आरोप करणाऱ्या सदस्यांनी खजिनदारांना स्वतः फोन केला, त्यामुळे वातावरण निवळले आहे.

आता पुढच्या वर्षासाठी विचारतो. मंजूर प्रत खऱ्या अर्थाने गोठवायची कशी? आणि टिप्पण्यांच्या टप्प्यावर आमच्याकडे आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगतो. लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराच्या ओळीवर एका समिती सदस्याने टिप्पणी केली होती, “हा आकडा गेल्या वर्षीपेक्षा जास्त का आहे?” खजिनदारांनी आकडा दुरुस्त केला आणि टिप्पणी `Resolve` केली. त्या सदस्याचे म्हणणे असे की त्यांना उत्तर मिळालेच नाही, टिप्पणी नुसती गायब झाली. आता मूळ आकडा काय होता, हेही कोणाला खात्रीने आठवत नाही.

जमाखर्च

आधी टिप्पण्यांबद्दल लिहितो, कारण गोठवण्यापूर्वीचे खरे काम तिथेच होते. गूगल डॉक्समध्ये सुचवलेला बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि तो स्वीकारता किंवा नाकारता येतो. शीट्समध्ये तशी सोय नाही. येथे आकडा एकदा बदलला की जुना आकडा डोळ्यांसमोरून जातो आणि टिप्पणी अधांतरी राहते. म्हणून टिप्पणी करणाऱ्याने खर्चाच्या ओळीचे नाव, आत्ता दिसणारा आकडा, आपल्या मते योग्य आकडा आणि त्याचा आधार हे चारही टिप्पणीच्या मजकुरातच लिहावे, असा आमच्या संस्थेत दंडक आहे. तुमच्या उदाहरणात ती टिप्पणी अशी असती: “लिफ्ट देखभाल करार, मसुद्यात 1,08,000, गेल्या वर्षी 96,000 होते. करारपत्रात वाढीचे कलम आहे का? नसल्यास 96,000 धरावे.” सहा महिन्यांनंतर वाचणाऱ्यालाही यातून पूर्ण प्रश्न समजतो, मग सेलमध्ये तेव्हा कोणताही आकडा असो.

टिप्पणीत `@` लिहून खजिनदारांचा ईमेल घातला की ती त्यांच्याकडे सोपवण्याची चौकट दिसते. तिच्यावर खूण केली की ती त्यांच्या नावावर चढते. उत्तर त्यांनी द्यायचे, मात्र टिप्पणी बंद करायची ती ज्याने उपस्थित केली त्यानेच, असा नियम ठेवा. तंत्र याची सक्ती करत नाही, संपादनाचा हक्क असलेला कोणीही ती बंद करू शकतो, म्हणून हा नियम समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा. तुमची बंद झालेली टिप्पणी नष्ट झालेली नाही. वर उजवीकडे टिप्पण्यांचा इतिहास उघडणारे चिन्ह आहे, त्यात ती सापडेल आणि पुन्हा उघडताही येईल. तो मूळ मसुदा मात्र कधीही डिलीट करू नका. नव्या प्रतीचा इतिहास प्रत काढल्या क्षणापासून कोरा सुरू होतो. मसुद्याचा सगळा प्रवास जुन्या फाइलमध्येच असतो.

आणखी एक खबरदारी घ्या. `Note` आणि `Comment` यांची गल्लत होऊ देऊ नका. काही ज्येष्ठ सदस्य राइट क्लिक करून `Insert note` वापरतात. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव दिसत नाही, वेळ दिसत नाही आणि उत्तरही देता येत नाही.

निवृत्त_लेखापरीक्षक

मी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण अनेक वर्षे केले आहे. तंत्राबद्दल आपण सर्व माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून मी फक्त कागदाच्या बाजूने लिहितो. या चर्चेत ‘मंजूर’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात आहे. व्यवस्थापक समिती जे मान्य करते तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा मसुदा असतो. अंदाजपत्रक मंजूर करते ती सर्वसाधारण सभा. त्यामुळे गोठवलेल्या प्रती दोन असाव्यात. एक ‘समितीने मान्य केलेला मसुदा’, जो सूचनेसोबत सदस्यांकडे जातो, आणि दुसरी ‘सभेने मंजूर केलेले अंदाजपत्रक’, ज्यात सभेतील दुरुस्त्या आलेल्या असतात. दोन्हींवर संबंधित ठरावाचा क्रमांक आणि सभेची तारीख लिहावी.

शीटमधल्या टॅबवर नाव लिहिणे म्हणजे ठराव नव्हे. माझ्यापुढे वाद आला तर मी इतिवृत्ताचे पुस्तक आणि अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी प्रत्येक पानावर सही केलेली छापील प्रत पाहीन. यंदा तुमची छापील पाने सूचनेसोबत गेली, हे फार चांगले झाले. वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची सूचना लागते. त्या सूचनेसोबत जे गेले तेच सभेपुढचे कागदपत्र, शीटमध्ये आज काहीही दिसो.

राजहंस

काका, दोन प्रतींचा मुद्दा उत्तम आहे. मात्र ‘मंजुरी’ टॅब निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही. सही करताना प्रत्येकाने त्या क्षणाची एकूण बेरीज हाताने लिहावी आणि शेजारच्या सेलमध्ये चालू बेरजेशी तुलना ठेवावी. आकडा पुढे हलला की लगेच कळेल. मी आमच्या कार्यालयात असेच केले आहे:

```
=IF(ROUND(D4,0)=ROUND('अंदाजपत्रक'!F62,0),"जुळते","सहीनंतर बदलले")
```

जमाखर्च

कल्पना चांगली आहे, सचिवसाहेबांकडे हे असते तर बदल पहिल्याच दिवशी दिसला असता. पण फक्त बेरीज तपासणे पुरेसे नाही. सफाईतून 20,000 कमी करून ते बागेत वाढवले तर बेरीज तीच राहील आणि तुमचा सेल ‘जुळते’ म्हणत राहील. सही करताना आकड्यांचा संपूर्ण स्तंभ ‘गोठवलेले’ नावाच्या टॅबमध्ये केवळ आकडे म्हणून चिकटवा आणि ओळीला ओळ ताडून पाहा:

```
=SUMPRODUCT(--('अंदाजपत्रक'!F5:F61<>'गोठवलेले'!F5:F61))
```

याचे उत्तर शून्य आले तर एकही ओळ हललेली नाही. एक किंवा जास्त आले तर तितक्या ओळी बदलल्या. मध्येच कोणी नवी ओळ घातली तर सूत्रातल्या दोन्ही टॅबच्या ओळींची संख्या जुळणार नाही आणि आकड्याऐवजी `#N/A` ही त्रुटी दिसेल. त्यातून काहीतरी घडल्याचे कळतेच, फक्त नेमके काय ते डोळ्यांनी शोधावे लागते.

आता गोठवण्याची कृती. प्रत काढल्यावर प्रत्येक टॅबमध्ये `Ctrl+A`, मग `Ctrl+C` आणि त्याच जागी `Ctrl+Shift+V`. याने सूत्रे निघून जातात आणि त्या क्षणाचे आकडे उरतात. मग पुन्हा `IMPORTRANGE` शोधून एकही शिल्लक नाही याची खात्री करावी, त्यानंतर टॅब बंद करावेत आणि सर्वांना, खजिनदारांनाही, `Viewer` करावे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बंधने घातली आणि सूत्रे तशीच राहिली, की यंदा तुमच्याकडे झाले तेच पुन्हा होते. `File > Version history > Name current version` करून त्या क्षणाला नाव द्या, कारण बिननावाच्या जुन्या आवृत्त्या कालांतराने एकत्र केल्या जाऊ शकतात. शेवटी त्याच वेळी पीडीएफ काढून ठेवा. सामान्य सदस्याला फक्त पाहण्याचा हक्क असल्याने आवृत्त्यांचा इतिहास दिसत नाही. त्याच्या हातात ताडून पाहायला काहीतरी ठोस असले पाहिजे.

मीना_नाशिक

माझा पहिला प्रतिसाद विषयाला सोडून होता, परंतु आता एक खरी शंका आहे. सगळी सूत्रे काढून टाकली तर बेरीज बरोबर आहे की नाही हे सदस्याने कसे तपासायचे? आमच्या संस्थेत एकदा असेच नुसते आकडे दिले होते आणि बेरजेत तफावत निघाली. सूत्र असते तर ती झाली नसती.

जमाखर्च

मीनाताई, शंका रास्त आहे. माझा उपाय असा की गोठवण्यापूर्वी शेजारी ‘आकडेमोड’ असा एक स्तंभ ठेवावा. सुरक्षेच्या ओळीत तिथे “4 रक्षक × 15,000 × 12 महिने, एजन्सीच्या चालू कराराप्रमाणे” असे वाक्य असावे. मूळ सूत्रही जपून ठेवायचे असेल तर गोठवण्याआधी `=FORMULATEXT(F18)` असे लिहिले की सूत्र मजकूर म्हणून दिसते, आणि मग तोही स्तंभ इतरांबरोबर गोठतो.

ॲमस्टरडॅमकर

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. बाहेरून येणारे आणि तारखेवर चालणारे आकडे गोठवावेत, पण त्याच टॅबमधील बेरजा `SUM` म्हणून राहू द्याव्यात. वरच्या ओळी गोठलेल्या आणि टॅब बंद असेल तर बेरीज आपोआप हलूच शकत नाही, आणि मीनाताईंच्या शंकेलाही उत्तर मिळते. पूर्ण गोठवलेल्या पत्रकात एखादी बेरीज आधीच चुकलेली असेल तर ती चूकही गोठते.

जमाखर्च

तर्क बरोबर आहे. माझा आग्रह एवढ्यासाठी आहे की संस्थेत दरवर्षी वेगळा माणूस हे काम करतो, आणि “ही सूत्रे ठेवायची, ती काढायची” असा निवाडा त्याच्यावर सोपवला की एखादे नकोसे सूत्र राहून जाते. ज्यांच्याकडे जाणकार खजिनदार कायम आहे त्यांनी तुमचा मार्ग धरायला हरकत नाही.

सचिव_ठाणे

पुढील वर्षाची पद्धत समितीपुढे ठेवण्याइतकी स्पष्ट झाली. टिप्पण्यांची मुदत संपल्यावर समिती सदस्यांचा हक्क `Commenter` वरून `Viewer` करायचा आणि मगच सह्या सुरू करायच्या, असे ठरवतो आहे. यंदा सह्या चालू असतानाही दोघांच्या टिप्पण्या येत राहिल्या, त्यामुळे अध्यक्षांनी नेमके काय पाहून संमती दिली हा प्रश्न उरला. सर्व 48 सदस्यांना टिप्पणीचा हक्क द्यावा का, यावर मात्र समितीत दोन मते आहेत.

राजहंस

द्यावा, पण ईमेल घेऊन नावानिशी द्यावा. लिंक असलेल्या कोणालाही टिप्पणीची मुभा दिली तर लॉगिन न केलेल्यांच्या टिप्पण्या निनावी दिसतात, आणि निनावी शंकेला उत्तर कोणाला द्यायचे?

निवृत्त_लेखापरीक्षक

मी याच्या विरुद्ध आहे. सदस्यांनी आपली सूचना सचिवांकडे लेखी द्यावी आणि सभेत बोलावे, त्यासाठीच सभा असते. आठवडाभर 48 जणांच्या टिप्पण्या सेलवर साचल्या तर खजिनदार उत्तरे देण्यातच अडकतील, आणि ज्यांना शीट वापरता येत नाही त्या ज्येष्ठांचे म्हणणे मागे पडेल.

सचिव_ठाणे

काका, ज्येष्ठांचा मुद्दा आमच्या इमारतीत फार खरा आहे. हे मी समितीवर सोडतो. एक प्रश्न मात्र तातडीचा आहे. सुरक्षेचा खर्च आता खरोखरच वाढणार आहे, एजन्सीचे पत्र आलेले आहे. छापील मसुद्यात 7,20,000 आहेत. सभेपुढे कोणता आकडा ठेवावा?

जमाखर्च

लॉक केलेल्या प्रतीत आधी 7,20,000 परत आणा. खजिनदारांच्या हातून, समितीच्या माहितीने, तिन्ही जोडलेल्या ओळी छापील आकड्यांप्रमाणे गोठवा आणि आवृत्तीला “छापील प्रतीप्रमाणे पुनर्स्थापित” असे नाव द्या. गेलेली लिंक आणि गेलेला कागद एकच दिसले पाहिजेत. वाढ वेगळ्या टॅबमध्ये मांडा: मूळ 7,20,000, सुधारित 7,77,600, फरक 57,600, प्रति सदनिका दरमहा 100 रुपये, आधार एजन्सीचे पत्र. एजन्सीने किती वाढ केली आणि का केली, तेही विचारा. किमान वेतनातील विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. पण पत्रात त्याचाच हवाला आहे की एजन्सीने स्वतःची सेवा फी वाढवली आहे, हे पाहिल्याशिवाय 8 टक्के मान्य करू नयेत.

निवृत्त_लेखापरीक्षक

माझ्या मते मूळ मसुदा मांडावा आणि समितीच्या वतीने सभेतच दुरुस्ती सुचवावी. ती स्वीकारली गेली तर इतिवृत्तात दोन्ही आकडे आणि सूचक व अनुमोदकांची नावे नोंदवावीत. नंतरची ‘सभेने मंजूर केलेले’ प्रत त्यावरूनच काढावी.

राजहंस

मला हे पटत नाही. सदस्यांनी 7,20,000 वाचून सभेला न येण्याचे ठरवले असेल, तर महिन्याला 100 रुपयांची वाढ त्यांच्या मागे मंजूर करणे योग्य ठरेल का? छापील आकडाच मंजूर करावा, जास्तीचा खर्च पुढे विशेष सर्वसाधारण सभेत आणावा.

निवृत्त_लेखापरीक्षक

राजहंसजी, अडचण समजते. पण विशेष सभेपर्यंत एजन्सीचे वाढीव बिल कोणत्या तरतुदीतून द्यायचे? आकस्मिक खर्चाची ओळ आहे का आणि तिच्यात किती रक्कम आहे, यावर बरेच अवलंबून आहे.

सचिव_ठाणे

आकस्मिक खर्चासाठी 60,000 रुपये धरले आहेत, म्हणजे ही वाढ त्यात जेमतेम बसते आणि वर्षभरासाठी जवळपास काहीच उरत नाही. दोन्ही बाजू समितीपुढे मांडतो. जोडलेल्या तीन ओळी आज संध्याकाळी खजिनदार आणि अध्यक्ष यांच्यासमोर छापील प्रतीशी ताडून गोठवत आहोत. `SUMPRODUCT` ची ओळ मूळ मसुद्यात घालून पाहिली, उत्तर 3 आले. सुरक्षा आणि एकूण बेरीज या दोन ओळी समजल्या, तिसरी शोधतो आहे.

जमाखर्च

F61 पर्यंतच्या ओळींत उपबेरजाही असतील. सुरक्षेची उपबेरीज ‘सेवा शुल्क’ या गटात येत असेल, आधी ती पाहा. एकूण बेरीज तुमच्याकडे F62 ऐवजी वर असेल तरच ती या मोजणीत येते. तसे नसेल तर आणखी एक ओळ खरोखर हललेली आहे, आणि ती सापडेपर्यंत प्रत गोठवू नका.